पेटीमागे दीडशे: फॉर्म्युल्याच्या व्हिडिओची संहिता लिहिताना

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावात आंब्याच्या हंगामात बचत गटातल्या बायका मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना थेट पेट्या पाठवतात. हिशेब वहीत. गटाकडे लॅपटॉप आला, पण दुपारी संगणकाच्या क्लासला यायला कुणाला सवड नाही. म्हणून हा हिशेब स्प्रेडशीटमध्ये फॉर्म्युल्याने कसा करायचा, याचा व्हिडिओ त्यांनी मला करायला सांगितला. रात्री जेवणं उरकली की मोबाइलवर बघायचं आणि शेजारी लॅपटॉपवर करत जायचं. एका बाजूला मोबाइल, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप, ही बैठक डोळ्यांपुढे ठेवूनच मी संहिता लिहायला घेतली. पुढचं बरंचसं त्या बैठकीमुळेच ठरलं.

आधी उदाहरण. पाच गिऱ्हाइकं, त्यांच्या पेट्या आणि पेटीचा दर, एवढंच. A रकान्यात नाव, B मध्ये पेट्या, C मध्ये दर, D मध्ये रक्कम. आकडे मात्र मी मुद्दाम निवडले. पहिल्या गिऱ्हाइकाच्या 2 पेट्या, दर 2000. मग 3 पेट्या 1500 ने, 1 पेटी 2500 ने, 4 पेट्या 1500 ने, 2 पेट्या 1500 ने. बाजारातले खरे दर असे गोल नसतात, पण बघणाऱ्याला उत्तर तोंडी काढता आलं पाहिजे. 1875 गुणिले 3 लिहिलं असतं तर मशीनने दिलेला आकडा बरोबर की चूक हे तिला कसं कळणार? आणि 1 पेटीवालं गिऱ्हाईक पहिल्या ओळीत ठेवायचं नाही. तिथे उत्तर दराइतकंच येतं आणि गुणाकार झाला की नुसता दर खाली उतरला, हे समजत नाही.

मग फॉर्म्युला. लिहायला एवढासाच:

```
=B2*C2
```

टाइप करायला मला दोन सेकंद लागतात. शेजारच्या काकींना लॅपटॉपसमोर बसवलं तर नुसतं बरोबरचं चिन्ह सापडायलाच दहा सेकंद गेले. त्यांची नजर मोबाइलवर, मग कीबोर्डवर, मग लॅपटॉपच्या पडद्यावर आणि परत मोबाइलवर अशी फिरत होती. तोवर व्हिडिओ दोन पायऱ्या पुढे. "तू खंय गेलंस ता माका दिसाकच नाय," काकी म्हणाल्या. म्हणून संहितेचे तीन भाग केले: काय बोलायचं, हाताने काय करायचं आणि किती थांबायचं. एका वेळी एकच गोष्ट. बोलताना हात स्थिर, हात चालू असताना तोंड बंद. D2 चा तुकडा शेवटी असा झाला:

बोल: "रक्कम या रकान्यात पहिल्या गिऱ्हाइकासमोर क्लिक करा."
हात: D2 वर जाऊन एक क्लिक.
थांब: 3 सेकंद.
बोल: "आता बरोबरचं चिन्ह. बॅकस्पेसच्या डाव्या हाताला, शेजारीच."
हात: = टाइप. पडद्याच्या कोपऱ्यात कीबोर्डचा फोटो, त्या बटणाभोवती गोल.
थांब: 8 सेकंद.
बोल: "पेट्यांच्या आकड्यावर क्लिक करा. दोन पेट्या."
हात: B2 वर क्लिक.
थांब: 4 सेकंद. B2 भोवती रंगीत रेघ दिसते, ती दिसू द्यायची.
बोल: "गुणाकाराला चांदणी. शिफ्ट धरून आठ."
हात: * टाइप. पुन्हा फोटो.
थांब: 8 सेकंद.

मग दरावर, म्हणजे C2 वर, तसंच क्लिक. B2, C2 ही नावं टाइप न करता त्यांवर क्लिक करायला सांगितलं, त्यालाही कारण आहे. गिऱ्हाइकांची नावं मराठीत लिहिलेली, त्यामुळे कीबोर्ड मराठीवरच राहिलेला असतो. तशात B दाबलं तर मराठी अक्षर उमटतं आणि फॉर्म्युला तिथेच बिघडतो. क्लिक केलं की नाव आपोआप येतं. चांदणीला मात्र सुटका नाही. इनस्क्रिप्ट मांडणीत शिफ्ट आणि 8 दाबलं तर श्र येतो. म्हणून फॉर्म्युल्याआधी कीबोर्ड इंग्रजीवर घ्यायची एक वेगळी पायरी टाकली: विंडोजचं बटण धरून स्पेसबार.

या सगळ्यात सर्वांत जास्त वेळ मी एंटरच्या आधीच्या क्षणाला दिला. नवा माणूस फॉर्म्युला लिहून झाला की सवयीने दुसरीकडे कुठेतरी क्लिक करतो, "झालं" म्हणून. पण फॉर्म्युला उघडा असताना क्लिक म्हणजे बाहेर पडणं नव्हे. ज्या सेलवर क्लिक होईल त्याचं नाव फॉर्म्युल्यात घुसतं. =B2*C2 चं बघता बघता =B2*A5 होतं, आणि आपण नक्की काय केलं ते त्या माणसाला उमगत नाही. म्हणून इथे बोल असा: "आता माउसला हात लावू नका. उत्तर मनात काढा. दोन पेट्या, दोन हजार दर." मग 5 सेकंद पडदा स्थिर. तिच्या मनात चार हजार आले की मगच एंटर. चुकून क्लिक झालंच तर एस्केप दाबून नव्याने सुरुवात, हे एकाच वाक्यात सांगितलं.

एंटरनंतर आणखी एक घोळ असतो. D2 मध्ये 4000 दिसतात, पण निवड खाली D3 वर उतरते आणि वरची फॉर्म्युल्याची पट्टी रिकामी होते. नवशिक्याला वाटतं, आपण लिहिलेलं पुसलं गेलं. म्हणून D2 वर परत क्लिक आणि पॉइंटर सावकाश वरच्या पट्टीवर. "सेलमध्ये उत्तर, पट्टीत फॉर्म्युला. दोन्ही एकाच जागचं." इथे 6 सेकंद थांबले. जास्तही चालले असते.

खाली ओढायचा भाग सोपा वाटतो, पण रेकॉर्डिंगमध्ये तोच हमखास निसटतो. सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला ठिपका मोबाइलच्या पडद्यावर दिसतच नाही. म्हणून शीट 150 टक्क्यांवर मोठी केली, रकाने अरुंद केले म्हणजे H पर्यंत सगळं एका नजरेत बसेल, आणि विंडोजच्या सेटिंगमधून पॉइंटरही मोठा केला. ठिपक्यावर गेल्यावर पॉइंटरचं बारीक अधिक चिन्ह होतं, तिथे थांबून ते दाखवायचं. ओढतानाही ओळीगणिक हात हळू. डबल क्लिकने सगळं एकदम भरतं, पण ते या व्हिडिओत नको. कशामुळे काय झालं ते डबल क्लिकमध्ये दिसत नाही. गूगल शीट्समध्ये पहिल्या सेलनंतर "खालचं आम्ही भरू का" अशी सूचना मध्येच उगवते आणि आपलं ओढणं वायाच जातं. ती टूल्सच्या मेनूतून आधीच बंद करून ठेवली.

D3 ते D6 मध्ये 4500, 2500, 6000, 3000 आले. D3 वर क्लिक करून पट्टीत =B3*C3 दाखवलं: ओळ बदलली की फॉर्म्युल्यातली ओळही बदलते. मग बेरीज:

```
=SUM(D2:D6)
```

20000. हीसुद्धा तोंडी जुळते.

खरा विषय आता. ट्रान्सपोर्टचं भाडं पेटीमागे 150, सगळ्यांना सारखं. तो आकडा एकदाच H1 मध्ये लिहिला आणि E रकान्यात भाडं काढलं. =B2*H1, उत्तर 300. बरोबर. आणि मग संहितेत मुद्दाम चुकीचं ओढायला लावलं. E3 पासून खाली सगळे शून्य. इथे पूर्ण 8 सेकंद गप्प. बघणारीलाच वाटू दे की काहीतरी बिनसलंय. माझ्या मते हा व्हिडिओतला सर्वांत कामाचा तुकडा आहे, आणि कापायचा म्हटलं तर लोक आधी हाच कापतील.

मग E3 वर क्लिक आणि पट्टीत =B3*H2. ओळीबरोबर B2 चा B3 झाला ते हवंच होतं, पण H1 चाही H2 झाला. H2 रिकामा, रिकामा म्हणजे शून्य, म्हणून भाडं शून्य. कारण पडद्यावर वाचता येतं, मला वेगळं समजावावं लागत नाही. कंट्रोल-झेड करून ओढलेलं मागे घेतलं, E2 वर डबल क्लिक करून H च्या आधी आणि 1 च्या आधी डॉलर टाकले:

```
=B2*$H$1
```

डॉलर म्हणजे शिफ्ट आणि 4. F4 बटणाने तो आपोआप लागतो, पण बऱ्याच लॅपटॉपवर त्यासाठी Fn पण धरावं लागतं, नाहीतर भलतंच काहीतरी सुरू होतं. म्हणून हाताने टाइप करायला लावला. पुन्हा ओढलं: 300, 450, 150, 600, 300. बेरीज 1800. पेट्या एकूण 12, त्यांना 150 ने गुणलं तरी 1800. ही पडताळणी मी बोलत नाही, वहीच्या कोपऱ्यात पेनाने करून दाखवते. त्यानंतर H1 मध्ये 150 च्या जागी 200 लिहिलं आणि पाचही भाडी एकदम बदलली. डॉलर कशाला, ते त्या एका बदलात कळतं.

एक गोष्ट या व्हिडिओत ठेवायची की नाही यावर बराच विचार केला: आकड्याबरोबर शब्द लिहायची सवय. वहीत आपण "3 पेट्या" लिहितो, तसंच सेलमध्ये लिहिलं की तो मजकूर होतो. गुणाकाराला #VALUE! येतं, ते निदान दिसतं तरी. बेरजेत मात्र SUM तो सेल गुपचूप वगळतो आणि आकडा कमी येतो. ओळखायची खूण सोपी आहे: आकडा आपोआप सेलच्या उजव्या कडेला चिकटतो, मजकूर डाव्या. काकींच्या शीटमध्ये पहिल्याच रात्री हे झालं असतं, म्हणून आकडे भरण्याच्या पायरीत एकच वाक्य घातलं, "नुसता आकडा, पुढेमागे काही नाही", आणि उजवी कड पॉइंटरने दाखवली. #VALUE! चा सविस्तर भाग दुसऱ्या व्हिडिओला ठेवला.

रेकॉर्डिंग करताना आवाज आधी घेतला, मोबाइलवर, संहिता वाचत आणि थांबे सेकंद मोजून गप्प राहत. मग तो इअरफोनमध्ये ऐकत पडद्यावरचं केलं. बोलणं आणि हात एकदम करायला गेलं की हात पुढे पळतो. आवाजासाठी वेळ मिळाली ती पहाटेची, कारण दिवसा मासेवालीची हाळी, आणि जून लागला की पत्र्यावरच्या पावसात काही ऐकूच येत नाही.

पूर्ण लांबी बारा मिनिटांच्या आसपास गेली. एका दमात कोण बघणार? म्हणून बेरजेनंतर तोडून दोन तुकडे केले, आणि प्रत्येकासोबत शीट दिली: पहिल्यात नावं, पेट्या, दर भरलेले आणि D रिकामा, दुसऱ्यात D भरलेला आणि H1 मध्ये 150. काकींनी दुसरा तुकडा आधी उघडला. शून्यांपाशी व्हिडिओ थांबवून त्यांनी मला फोन केला की गाडीवाला भाडं घेणार नसेल तर बरंच आहे, पण हे असं का झालं. मी म्हटलं, पुढे चालू करा, लगेच येतंय.