ट्रेक-ॲप लॉग: सहा आठवड्यांची ब्रांच आणि राजगडाचं टाकं

आम्ही पाच जण नोकरी सांभाळून रात्री-वीकेंडला गडांचं ॲप बनवतोय हे तुम्हाला माहितीये. ऑफलाइन नकाशाचं काम सहा आठवडे वेगळ्या ब्रांचवर चाललं होतं, मग एका रविवारी ते मेनमध्ये मर्ज केलं, एकही कॉन्फ्लिक्ट नाही, टेस्ट सगळ्या हिरव्या, आणि संध्याकाळी पुण्यात घरी बसलो असताना फोन वाजला की राजगडावरचं पाण्याचं टाकं जवळ आलंय!

शोधायला दोन रात्री गेल्या. मधल्या काळात मेनवर कोणीतरी `distance()` मीटरऐवजी किलोमीटर द्यायला लावलं होतं, जुने सगळे कॉल नीट बदललेही होते. पण नकाशाच्या ब्रांचवरची नवीन फाइल मेनवर नव्हतीच, तिच्यात `distance() < 200` तसंच राहिलं, म्हणजे २०० मीटरचे झाले २०० किलोमीटर. गिट फक्त ओळी जुळवून बघतं, ओळीचा अर्थ त्याला कळत नाही, आणि त्या अलर्टला टेस्टच नव्हती.

आता ठरलंय की ट्रंक-बेस्डच करायचं, ब्रांच दोन दिवसांच्या वर जगवायची नाही, अर्धवट फीचर `offline_maps` फ्लॅग बंद ठेवून मेनमध्येच जाणार. आणि असा बदल एका दमात करायचा नाही: आधी `distanceKm()` शेजारी टाकायचं, मग एकेक कॉल तिकडे वळवायचा, कोणी उरलं नाही की जुनं काढायचं. असं केलं असतं तर नकाशावाल्याची फाइल जुन्याच फंक्शनवर बरोबर चालली असती, किंवा ते काढून टाकलेलं असतं तर बिल्डच फुटला असता आणि तिथल्या तिथे कळलं असतं.

रोज काम सुरू करताना हे बघतो:

```
git fetch
git rev-list --count HEAD..origin/main
```

मेनवरचे किती कमिट आपल्या ब्रांचमध्ये नाहीत तो आकडा येतो. नकाशाच्या ब्रांचवर तो शंभरच्या पुढे गेला होता आणि कोणी बघितलाच नव्हता.

एक गोष्ट मात्र फ्लॅगने झाकली जात नाही, ती म्हणजे डेटाबेस. फ्लॅग बंद असला तरी SQLite चं मायग्रेशन सगळ्यांच्या फोनवर चालतं, म्हणून सध्या नवीन कॉलम फक्त वाढवायचा (तोही रिकामा चालेल असा), जुना काढायचा नाही.

खरी अडचण रिव्ह्यूची आहे. एक जण फक्त शनिवारी बसतो, त्याचं काम पुढच्या शनिवारपर्यंत पडून राहिलं तर ब्रांच आपोआप आठवड्याची होते, त्यामुळे रविवारी सकाळी रिव्ह्यू करायची आमच्या चौघांत पाळी लावलीये. दोन रविवार झाले, अजून चुकली नाहीये.

लांब ब्रांच एकच शिल्लक आहे, दुसरी नकाशा-लायब्ररी वापरून बघायची, आणि ती मर्ज करणार नाही, बघून झालं की डिलीट. ऑफलाइन नकाशा सध्या आमच्या पाचांच्या फोनवर चालू आहे, येत्या शनिवारी राजगडावर टाक्यापाशी जाऊन अलर्ट खरंच २०० मीटरवर वाजतो का ते बघतो, मग फ्लॅग सगळ्यांसाठी उघडायचा आणि कोडमधून काढून टाकायचा.