पंख्याखालची मेणबत्ती

वास्तुशांतीच्या भेटी दुसऱ्या दिवशी दुपारी उघडल्या जातात. जेवणं झालेली असतात, सतरंजीवर रंगीत कागदांचा ढीग पडलेला असतो. भिंतीवरची घड्याळं निघतात, एकसारखे दोन लेमन सेट निघतात, आणि हल्ली हमखास एक सुगंधी मेणबत्ती निघते. काचेच्या ग्लासात ओतलेली, वर लाकडी झाकण, झाकणाला सुतळीची गाठ. कुणीतरी झाकण उघडून हुंगतं, मग ग्लास घरभर हातोहात फिरतो. "छान आहे गं वास!" एवढं झालं की झाकण परत बसतं आणि ग्लास शोकेसमध्ये चिनीमातीच्या बदकांशेजारी जाऊन उभा राहतो. बऱ्याच मेणबत्त्यांचा प्रवास इथेच संपतो. ज्या पेटवल्या जातात, त्यांची फजिती मात्र बघण्यासारखी असते.

फजितीचं मूळ त्या हुंगण्यातच आहे. देणाऱ्यानेही दुकानात झाकण उघडून असंच हुंगलेलं असतं आणि त्याच वासावर पैसे मोजलेले असतात. पण थंड मेणाचा वास वेगळा आणि पेटलेल्या मेणबत्तीचा वेगळा. झाकणाखाली कोंडून राहिलेला वास एकदम नाकात शिरतो, त्यामुळे कुठलीही मेणबत्ती दुकानात दमदारच वाटते. पेटवल्यावर खोलीत पसरणारा वास ज्योतीतून येत नाही, तो येतो ज्योतीभोवती वितळलेल्या मेणाच्या तळ्यातून. तळं गरम होतं, त्यातलं सुगंधी तेल हळूहळू हवेत जातं. तळं जेवढं रुंद, तेवढा वास. तळंच झालं नाही, तर वातीला नुसतं मेण जाळत बसावं लागतं.

नेहमीचा ग्लास घेऊ. आत 200 ग्रॅम सोया मेण, तोंडाचा व्यास साधारण साडेसात सेंटिमीटर, म्हणजे तीन इंच. मेणाच्या 8 टक्के सुगंधी तेल घातलंय असं धरलं, तर आतलं तेल 15 ग्रॅमच्या आसपास भरतं, मोठ्या चमच्याएवढं. बाकी सगळं मेण. बनवणाऱ्यांचा साधा हिशोब असा की व्यासाच्या दर इंचाला एक तास जळू द्यायचं. म्हणजे हा ग्लास पहिल्यांदा पेटवला की तीन तास तरी हलवायचा नाही, वितळलेलं मेण चहूकडून काचेला टेकेपर्यंत. हे पहिल्या खेपेलाच जमवावं लागतं. अर्ध्या तासात मालवली, तर वातीभोवती रुपयाएवढा खळगा पडतो. पुढच्या वेळी ज्योत त्या खळग्यातच वितळवत खाली जाते, कडेचं मेण तसंच उभं राहतं. चार-पाच खेपांत मेणबत्तीची विहीर होते. तळाशी मिणमिणणारी वात, भोवती मेणाचा जाड कठडा, आणि वास जवळजवळ नाहीच.

आता हा ग्लास एप्रिल महिन्यात सांगलीतल्या एखाद्या फ्लॅटच्या हॉलमध्ये ठेवा. पारा चाळिशीच्या आसपास, डोक्यावर पंखा पाचवर. तीन तास पंखा बंद ठेवून मेणबत्ती पेटवणारं घर विश्रामबागेपासून गावभागापर्यंत कुठे असेल असं वाटत नाही. पंखा चालू, म्हणजे ज्योत एका बाजूला लवते. लवते त्या बाजूचं मेण वितळतं, दुसरी बाजू कोरडी राहते. वाऱ्याने हेलकावणारी ज्योत नीट जळत नाही, तिच्यातून काजळी निघते आणि त्या बाजूची काच काळी पडते. तीच बाजू जास्त तापते, कधीकधी काच तडकतेही. जो काही वास निघतो तो पंखा घुसळतो आणि खिडकीच्या जाळीतून बाहेर घालवतो. दारं-खिडक्या मिटून थंडीत बसणाऱ्या देशांसाठी ही वस्तू मुळात ठीक आहे. आपल्याकडे खिडकी लावून पंखा बंद करायचा, तोही सुगंधासाठी, हे घरातल्या ज्येष्ठांना पटवून बघा.

तरी ज्याला करून बघायचंय त्याच्यासाठी थोडं. ग्लास पंख्याच्या थेट खाली नको, कोपऱ्यात ठेवावा, आणि शक्यतो लहान खोलीत. पेटवण्याआधी वात कातरून 6 मिलिमीटर, म्हणजे पाव इंच ठेवावी. लांब वातीच्या टोकाला काजळीचं बोंड धरतं, छोट्या अळंबीसारखं. ते दिसलं की कातरायची वेळ टळून गेली असं समजावं. विहीर झालेली मेणबत्तीही वाचवता येते. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल ग्लासच्या तोंडाभोवती गुंडाळायची, कडा आत वळवायच्या आणि मधोमध रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं भोक ठेवायचं. मग वात पेटवायची. उष्णता आत कोंडते आणि अर्ध्या-पाऊण तासात कडेचा कठडा खाली बसतो. या काळात समोरून उठायचं नाही आणि फॉइलला हात लावायचा नाही, ती चांगलीच तापलेली असते.

मालवण्याचाही एक घोळ आहे. दिव्याला "विझव" म्हणायचं नाही, फुंकर तर मारायचीच नाही, या वळणाच्या घरात मेणबत्ती आपणहून मालवायची कशी हा प्रश्नच पडतो. मेणबत्तीपुरती ही जुनी शिस्त अगदी बरोबर निघते. फुंकर मारली की वात धुमसते आणि त्या करपट धुरात तीन तासांचा मोगरा अर्ध्या मिनिटात बुडतो. एखाद्या काडीने वात वितळलेल्या मेणात बुडवून लगेच सरळ उभी करावी. धूर होत नाही आणि वातीला मेण लागल्याने पुढच्या वेळी ती चटकन धरते.

उन्हाळ्यात तर न पेटवताही फसगत होते. ग्लासातल्या मेणबत्तीसाठी मेण मऊ वापरतात, ते पंचेचाळीस-पन्नास अंशांच्या पुढे ढिलं पडायला लागतं. मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीत एवढी उष्णता सहज होते. मग वर तेलाचे थेंब सुटतात, मेणबत्तीला घाम फुटल्यासारखे, आणि पुन्हा थिजताना वरचा थर खडबडीत होतो. व्हॅनिलाच्या वासाची असेल तर पांढरं मेण काही दिवसांत पिवळट तपकिरी होतं. हे मात्र खराब होणं नव्हे, व्हॅनिलाच्या वासात जे व्हॅनिलिन असतं त्याचा तो गुणच आहे. पण घेणाऱ्याला वाटतं, जुनी वस्तू गळ्यात मारली.

दुकानातला वास घरी दगा देतो, हे परफ्यूमच्या बाटलीबाबतही तितकंच खरं. परफ्यूमचा फवारा मारला की अल्कोहोल उडून जातं आणि पाठोपाठ सगळ्यात हलके गंध वर येतात, लिंबू-संत्र्यासारखे. पंधरा-वीस मिनिटांत तेही जातात. मग फुलं, मसाले येतात आणि दोन-तीन तासांनी उरतात ती जड मंडळी, लाकूड, राळ, कस्तुरी. देणारा पहिल्या दोन मिनिटांवर भाळून पैसे देतो आणि घेणाऱ्याला शेवटच्या सहा तासांशी संसार करावा लागतो. यावर उपाय फुकटचा आहे. हरभट रोडवर दुकानात फवारा कागदाच्या पट्टीवर न घेता मनगटावर घ्यावा, मनगटं एकमेकांवर घासू नयेत, आणि आयर्विन पुलापर्यंत निवांत चालत जाऊन यावं. परत येताना जो वास येत असेल तो खरा माल.

पण ते मनगट आपलं आणि नाकही आपलंच, एवढी अडचण उरतेच. कृत्रिम कस्तुरीचे काही गंध असे आहेत की काही माणसांना ते येतच नाहीत. सर्दी नाही, नाक एरवी तिखट, पण तेवढा एक गंध गायब. अशा माणसाला कस्तुरीचं परफ्यूम दिलं की त्याला बाटलीत पाणी भरल्यासारखं वाटतं. मग तो एकाऐवजी आठ फवारे मारतो आणि लिफ्टमधले लोक जिने उतरून जातात. मिरजेच्या उरुसातला अत्तरवाला हाताच्या पालथ्या बाजूला काडी फिरवतो, ती पद्धत निदान प्रामाणिक. अत्तरात अल्कोहोल नसल्यामुळे पहिला भपकाराच नसतो. फक्त तो थेंब पैठणीला लागू देऊ नये, तेलाचा डाग असतो तो.

अगरबत्तीचं थोडक्यात. संक्रांतीच्या वाणात येणारा पुडा उघडला की गुलाब येतो आणि पेटवला की धूर. साधी काडी म्हणजे बांबू, त्यावर कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि चिकटायला जिगट. अशी कच्ची काडी वाळवून मग सुगंधात बुडवतात. निखाऱ्याच्या लगत जेवढा भाग तापतो तिथून वास उडतो, निखाऱ्यात मात्र कोळसा आणि बांबूच जळत असतो. वास चढवताना हात आखडला असेल तर घरात बांबूच येणार. म्हणून पुडा हुंगू नये, दुकानदाराला एक काडी लावायला सांगावी आणि पाच-सहा फुटांवर उभं राहावं. तरीही ती देवघरात पोहोचेल याची खात्री नाही. बहुतेक घरांत देवापुढची अगरबत्ती ठरलेली असते आणि त्या नेमात पाहुण्या पुड्याला जागा मिळत नाही. तो मोरीत जातो.

शोकेसमधल्या मेणबत्तीची वेळ मात्र कधीतरी येते. मे अखेरीस वळवाचा पाऊस येतो, वीज कडाडते आणि लाईट जाते. मोबाईलची बॅटरी संपत आलेली, इन्व्हर्टर नाही, टॉर्च सापडत नाही. कुणाला तरी बदकांशेजारचा ग्लास आठवतो. पावसाची झड म्हणून खिडक्या लावलेल्या, पंखा थांबलेला, हवा गार. ज्योत पहिल्यांदाच सरळ उभी राहते. तासाभरात मेणाचं तळं काचेच्या दिशेने सरकतं आणि खोलीत खरोखरच मोगरा दरवळायला लागतो. "अगं, हा वास कुठून येतोय?" तेवढ्यात लाईट येते, पंखा गरगरायला लागतो आणि कुणीतरी सवयीने फुंकर मारतं.