आमची वाटचाल: कंट्रोल वर्डमधला दहावा बिट

आमच्या छोट्या संस्थेने पहिली काही वर्षे केवळ पॅनेल बांधण्याचे काम केले. त्या काळात मोटरचा वेग बदलणारा व्हीएफडी, म्हणजेच ड्राइव्ह, आणि यंत्राला आदेश देणारा पीएलसी यांच्यातील नाते पूर्णपणे तारांचे होते. मोटर सुरू करण्यासाठी एक रिले, फॉल्ट रिसेटसाठी दुसरा, वेगाचा आदेश देण्यासाठी शून्य ते दहा व्होल्टचा अ‍ॅनालॉग सिग्नल, आणि उलट दिशेने 'चालू आहे' व 'फॉल्ट आहे' असे सांगणारे दोन संपर्क, एवढ्यावर एक ड्राइव्ह चालत असे. या पद्धतीत दोष होते. वेगाचा सिग्नल मोटरच्या केबलशेजारून गेला की आकडा थरथरत असे, आणि ड्राइव्ह बंद का पडला हे कळण्यासाठी कोणाला तरी पॅनेलपर्यंत चालत जावे लागे. मात्र एक गुण असा होता की त्याची किंमत आम्हाला तो गमावल्यावरच कळली: तार तुटली की रिलेचा संपर्क सुटे आणि मोटर थांबे. थांबण्यासाठी कोणी वेगळा विचार करण्याची गरजच नव्हती.

फील्डबसकडे, म्हणजे आदेश संदेशांतून पाठवणाऱ्या नेटवर्ककडे, आमचे पहिले पाऊल मॉडबस आरटीयूचे होते, कारण ती सोय बहुतेक ड्राइव्हमध्ये आधीपासूनच असते आणि दोन तारांवर सगळे भागते. एका कामात सहा ड्राइव्ह एकाच ओळीत, 9600 बॉड वेगावर जोडले. प्रत्येक ड्राइव्हला आदेशाच्या बिटांचा कंट्रोल वर्ड आणि वेग असे दोन रजिस्टर लिहायचे, आणि ड्राइव्हची स्थिती सांगणारा स्टेटस वर्ड व प्रत्यक्ष वेग असे दोन वाचायचे, एवढाच व्यवहार होता. लिहिण्याच्या संदेशाला 13 बाइट व उत्तराला 8, वाचण्याच्या संदेशाला 8 व उत्तराला 9, असे मिळून 38 बाइट होतात. एका बाइटला 11 बिट धरले तर हे सुमारे 44 मिलिसेकंद झाले, आणि संदेशांमधील सक्तीची शांतता धरून 60. सहा ड्राइव्ह आणि प्रत्येकाचा उत्तर देण्यातील विलंब मोजला की एक फेरी अर्ध्या सेकंदाच्या आसपास जाते. पंपांसाठी हे पुरेसे होते. अडचण तेव्हा आली, जेव्हा देखभालीसाठी एका ड्राइव्हचा वीजपुरवठा बंद केला गेला. पीएलसी त्याच्या उत्तराची प्रत्येक फेरीत एक सेकंद वाट पाहू लागला आणि उरलेले पाचही ड्राइव्ह विनाकारण मंद झाले. त्यानंतर आम्ही उत्तर न देणाऱ्या ड्राइव्हला काही फेऱ्यांपुरते वगळण्याची सोय प्रोग्रॅममध्ये केली.

त्याच कामात दुसरा धडाही मिळाला. ओळीच्या टोकाचा कनेक्टर सैल होऊन संपर्क तुटला, तेव्हा शेवटचा पंप आधी मिळालेल्या वेगाने शांतपणे चालत राहिला. त्या ड्राइव्हमध्ये संपर्क तुटल्यावर किती वेळाने काय करायचे, याचे पॅरामीटर आम्ही तपासलेच नव्हते, आणि तिथे शून्य, म्हणजे देखरेख बंद, असे मूल्य होते. तारांच्या काळातील 'तुटले की थांबले' हा गुण फील्डबसमध्ये आपोआप येत नाही, तो मुद्दाम घालावा लागतो, हे तेव्हा आम्हाला पहिल्यांदा समजले. अर्धवटच समजले, असे आता म्हणावेसे वाटते.

पुढचे मोठे काम वाहक पट्ट्यांचे होते आणि त्यात प्रोफिनेटवर प्रोफिड्राइव्हची पहिली टेलिग्रॅम वापरली होती. ही टेलिग्रॅम दोन्ही दिशांनी दोन-दोन शब्दांची असते: जाताना कंट्रोल वर्ड STW1 आणि वेगाचा आदेश, येताना स्टेटस वर्ड ZSW1 आणि प्रत्यक्ष वेग. कंट्रोल वर्डच्या सोळा बिटांपैकी शून्यावा बिट म्हणजे चालू-बंद. तो शून्य झाला की मोटर ठरलेल्या रॅम्पने वेग कमी करत थांबते. पहिला बिट शून्य झाला तर मोटर मोकळी सुटते, दुसरा शून्य झाला तर जलद रॅम्पने थांबते. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे बिट वेगवेगळ्या परवानग्या देतात, सातवा फॉल्ट रिसेट करतो, आणि दहावा बिट 'नियंत्रण पीएलसीकडे आहे' असे सांगतो. म्हणून तयार अवस्थेत ड्राइव्हला 16#047E पाठवायचे आणि सुरू करताना 16#047F. हे दोन आकडे त्या दिवसांत आमच्या प्रत्येकाच्या वहीत लिहिलेले होते.

प्रोग्रॅममध्ये स्टॉपचे बटण दाबल्यावर 16#047E जात होते आणि चाचणीच्या टेबलावर ते उत्तम चालले. परंतु निवडक स्विच 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर नेल्यास सर्व काही बंद व्हावे, या उद्देशाने आमच्या एका सहकाऱ्याने त्या ठिकाणी संपूर्ण कंट्रोल वर्डमध्ये शून्य टाकले होते. शून्य म्हणजे सगळे बंद, असे कोणालाही वाटेल, आणि त्याचा प्रोग्रॅम तपासताना मलाही तसेच वाटले. प्रत्यक्ष जागेवर पट्टा मोटरच्या मिनिटाला 900 फेऱ्यांच्या आदेशावर चालू असताना स्विच फिरवला गेला आणि पट्टा जसाच्या तसा चालत राहिला. पडद्यावर मात्र 'थांबले' असे लिहून आले, कारण पडद्याला आम्ही आमचाच आदेश दाखवत होतो, ड्राइव्हचे उत्तर नव्हे. शेवटी आपत्कालीन थांब्याचे बटण दाबून पट्टा थांबवावा लागला. ते बटण थेट तारेने ड्राइव्हच्या सुरक्षित टॉर्क-बंद इनपुटला जोडलेले होते, म्हणून ते चालले.

कारण शोधायला आम्हाला दुपार लागली, तरी खूण समोरच होती. वॉच टेबलमध्ये कंट्रोल वर्ड 16#0000 दिसत होता, आणि त्याच वेळी स्टेटस वर्डचा दुसरा बिट, म्हणजे 'मोटर चालू आहे', एक होता. संपर्क तुटलेला नव्हता, ड्राइव्हला शून्य व्यवस्थित पोहोचत होते. परंतु सगळ्या बिटांबरोबर दहावा बिटही शून्य झाला होता, आणि त्याचा अर्थ 'थांब' असा नसून 'मी पाठवत असलेला डेटा ग्राह्य धरू नकोस' असा आहे. अशा वेळी काय करायचे हे ड्राइव्हच्या रचनेवर अवलंबून असते. आमच्या ड्राइव्हमध्ये शेवटचा ग्राह्य आदेश गोठवून ठेवण्याची निवड कारखान्यातूनच केलेली होती. त्यामुळे पहिला, दुसरा आणि शून्यावा हे तिन्ही बिट शून्य होऊनही ड्राइव्हने त्यांच्याकडे पाहिलेच नाही. संपर्कावरील देखरेखही गप्प राहिली, कारण तिच्या दृष्टीने संपर्क उत्तम चालू होता.

त्या दिवसापासून कंट्रोल वर्ड आमच्या प्रोग्रॅममध्ये एकाच ठिकाणी तयार होतो आणि त्यात दहावा बिट कधीही खाली जात नाही. त्याचा गाभा इतका लहान आहे:

```
StartEdge(CLK := StartPB);
IF StartEdge.Q AND ZSW1_Ready THEN
    RunReq := TRUE;
END_IF;
IF StopReq OR ZSW1_Fault OR NOT CommOk THEN
    RunReq := FALSE;
END_IF;
STW1 := 16#047E;
IF RunReq THEN STW1 := 16#047F; END_IF;
```

यातील पहिल्या ओळीमागेही एक हकीकत आहे. आधीच्या रचनेत 'चालू' हा आदेश स्विचच्या स्थितीवरून सरळ येत असे. केबल काढून पुन्हा लावल्यावर ड्राइव्ह फॉल्टमध्ये जाई, तो 16#04FF पाठवून सातव्या बिटाने रिसेट केला तरी मोटर सुरू होत नसे, आणि स्टेटस वर्डचा सहावा बिट, 'सुरू करण्यास मनाई', एक दिसत राही. शून्यावा बिट आधीपासूनच एक असताना ड्राइव्ह त्याला नवा आदेश मानत नाही. तो एकदा शून्य होऊन पुन्हा एक व्हावा लागतो. हा दोष नसून संरक्षण आहे. ग्राहकाच्या देखभाल विभागाने ही 'कटकट' काढण्यासाठी रिसेट आणि पुन्हा एक हे दोन्ही प्रोग्रॅमने आपोआप करावे, असा आग्रह धरला होता. आम्ही तो मान्य केला नाही. केबल जोडण्यासाठी माणूस पट्ट्याजवळ असतानाच तो पट्टा सुटेल, हे आम्हाला स्पष्ट दिसत होते, आणि मला वाटते, त्या नकारामुळे ग्राहक काही दिवस नाराज राहिला हे ठीकच झाले.

वेगाच्या आदेशाने मात्र आम्हाला वेगळ्या प्रकारे फसवले. या टेलिग्रॅममध्ये वेग फेऱ्यांत जात नाही. 16384 म्हणजे शंभर टक्के, आणि शंभर टक्के म्हणजे किती फेऱ्या हे ड्राइव्हमधील संदर्भ-वेगाचे पॅरामीटर ठरवते. तिथे 1500 होते. मोटरच्या पाटीवर 1440 फेऱ्या लिहिलेल्या असल्याने प्रोग्रॅममध्ये शंभर टक्के म्हणजे 1440 असे धरले गेले. 900 फेऱ्यांसाठी आमचा आकडा 900 भागिले 1440 गुणिले 16384, म्हणजे 10240 निघाला. ड्राइव्हने त्याचा अर्थ 937.5 फेऱ्या असा घेतला, आणि योग्य आकडा 9830 होता. पुढच्या पट्ट्याचे गुणोत्तर बरोबर होते, त्यामुळे दोन पट्ट्यांच्या सांध्यावर खोक्यांमधील अंतर चार टक्क्यांनी बिघडत होते. पडद्यावर मात्र अचूक 900 दिसत होते, कारण परत येणारा वेगही आम्ही त्याच चुकीच्या गुणकाने उलटा मोजत होतो आणि दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. हे उघड झाले ते ड्राइव्हच्या स्वतःच्या दर्शकावर: तिथे चार ध्रुवांच्या मोटरसाठी अपेक्षित 30 हर्ट्झऐवजी 31.25 हर्ट्झ होते. तेव्हापासून संदर्भ-वेग आम्ही ड्राइव्हमधूनच वाचून घेतो, पाटीवरून नाही.

आता काम सोपवण्यापूर्वी प्रत्येक ड्राइव्हवर आम्ही तीन गोष्टी मोटर चालू असताना, ग्राहकाच्या माणसासमोर करून पाहतो. पहिल्यांदा ड्राइव्हची नेटवर्क केबल काढतो, नंतर केबल तशीच ठेवून पीएलसी स्टॉपवर नेतो, आणि शेवटी निवडक स्विच प्रत्येक स्थितीत फिरवतो. पहिल्या दोन गोष्टी एकच वाटतात, पण एकीत संपर्क तुटतो आणि दुसरीत संपर्क राहून केवळ डेटा अग्राह्य ठरतो, आणि ड्राइव्ह त्या दोन्हींना वेगवेगळे उत्तर देऊ शकतो. प्रत्येक वेळी मोटर किती सेकंदांनी प्रत्यक्ष थांबली, ते लिहून ठेवतो. रॅम्पचा वेळ संदर्भ-वेगापासून शून्यापर्यंत 10 सेकंद ठेवला असेल, तर 900 फेऱ्यांवरून सुमारे 6 सेकंद दिसायला हवेत. त्याहून बराच जास्त वेळ लागला, तर मोटर रॅम्पने न थांबता मोकळी सुटली आहे असे समजून आम्ही पॅरामीटर पुन्हा उघडतो. मागच्या कामात नऊपैकी एका ड्राइव्हवर 17 सेकंद आले. बदली म्हणून बसवलेल्या त्या ड्राइव्हमध्ये संपर्क तुटल्यावरची क्रिया 'मोकळे सोडा' अशी राहिली होती.