सोळा बाय वीसची भिंत

आमच्या वर्धा जिल्ह्यात आता खेड्यापाड्यांतही स्लॅबची घरं उठली आहेत. त्यातल्या काही घरांत हॉलवरचा मधला स्लॅबच टाकलेला नसतो. जमिनीपासून थेट वरच्या छतापर्यंत सगळं मोकळं. इंजिनियर त्याला डबल हाइट म्हणतो, घरमालक ते दोन शब्द सोयऱ्याधायऱ्यांना अभिमानानं ऐकवतो, आणि वास्तूच्या जेवणाला आलेली माणसं माना वर करकरून पाहतात. पाहुणे गेले की घरात भिंत उरते.

माझ्या पुतण्याच्या घरातली ही भिंत १६ फूट रुंद आणि २० फूट उंच. मी शाळेत चित्रकला शिकवण्यात नोकरी घालवली, त्यामुळे नातलगांत रंगाचं किंवा फ्रेमचं काही निघालं की ते माझ्या दारात येतं. सूनबाईनं चहा ठेवता ठेवताच सांगून टाकलं, "काकाजी, काहीही लावा, पण हे भिंत भरून द्या. संध्याकाळी एकटी बसली की खायले उठते."

काहीतरी लावलेलं होतंच. दीड फूट बाय एक फुटाचा लग्नाचा फोटो, भिंतीच्या बरोबर मधोमध, जमिनीपासून दहा फुटांवर. भिंत ३२० चौरस फुटांची आणि फोटो दीड चौरस फुटाचा, म्हणजे पाकिटावरच्या पोस्टाच्या तिकिटासारखा. पुतण्याचा इलाज सरळ होता: मोठा फोटो काढू, चार बाय सहाचा. मी म्हटलं, तो होतो २४ चौरस फूट. उरलेल्या २९६ चं काय करशील? असल्या भिंती भरायला निघालं की पैसे संपतात, भिंत संपत नाही.

खरं तर भरायची गरजच नसते. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून चार फुटांच्या आतबाहेर असतात, उभ्या माणसाचे पाच फुटांच्या आसपास. आपण राहतो ते खालच्या सात-आठ फुटांत. त्याच्या वर हवा राहते, आणि कोळी. जुन्या घरांना हे कोणी शिकवलं नव्हतं, पण भिंतीचा खालचा भाग गेरूचा किंवा शेणामातीचा गडद आणि वर चुन्याची पांढरी असा रिवाज होताच. कारण साधं होतं, टेकणाऱ्या पाठींचे आणि हातांचे डाग खालीच पडतात. पण त्या रेघेमुळे नजरेलाही खोली कुठवर आपली ते कळायचं. सेवाग्रामला बापू कुटीत गेलात तर मीराबेननं मातीत उठवलेली झाडं आणि चरखा जरूर पाहा. तिथली माणसं जमिनीवर बसत, म्हणून ते खाली बसून पाहिलेलं बरं.

तेव्हा पहिलं काम ठरलं ते रेघ मारण्याचं. ती कुठे मारायची, यावर बरीच चर्चा झाली. पुतण्याचं म्हणणं दहा फुटांवर, कारण बाजूच्या खोल्यांचा स्लॅब तिथे आहे. पण दहावर रेघ मारली की भिंतीचे दोन सारखे तुकडे होतात, आणि सारख्या दोन तुकड्यांत डोळ्याला धरायला काही नसतं. शिवाय बसलेल्या माणसाला दहा फूटही उंचच. दरवाजाचा लिंटेल सात फुटांवर होता, म्हणून आम्ही आठ ठरवले. पाण्याच्या नळीनं लेव्हल काढली, सुतळीला गेरू लावून रेघ उठवली आणि दोन दिवस तिच्याकडे नुसतं पाहिलं. जुनं धाब्याचं घर पाडताना निघालेल्या सागवानी तुळया गोठ्यात पडून होत्या. त्यातली एक आरामशीनवर चिरून सहा इंच रुंदीची पट्टी काढली आणि रेघेवर बसवली. पट्टीच्या खाली ओल्या मातीचा रंग दिला. वर पांढरा, छताला आहे तोच, म्हणजे भिंत कुठे संपते आणि छत कुठे सुरू होतं ते डोळा शोधत बसत नाही. वॉलपेपरचा विषय निघाला होता, पण पहिल्या वर्षाचं प्लास्टर आतून ओलसर असतं, त्यावर कागद फुगतो आणि सांध्यांतून सुटतो. तो विषय मी तिथेच संपवला.

लग्नाचा फोटो खाली आला. त्याच्या जोडीला आजोबांचा, बैलजोडीचा, नातवाच्या बारशाचा असे घरातलेच फोटो फ्रेम केले. ते थेट ठोकायचे नाहीत. आधी प्रत्येक फ्रेमच्या मापाचा वर्तमानपत्राचा तुकडा कापायचा, कागदी टेपनं भिंतीला लावायचा, आणि सोफ्यावर बसून पाहायचं. खिळा मारला की मन बदलता येत नाही, वर्तमानपत्र मात्र दिवसातून चारदा हलतं. सोफा सात फुटांचा होता, म्हणून सगळ्या फ्रेमांचा मिळून गठ्ठा पाच फूट रुंद आणि तीन फूट उंच धरला. सोफ्याच्या पाठीपासून आठ इंच वर त्याची खालची कड, आणि दोन फ्रेमांत दोन इंचांची फट. ही फट वाढली की गठ्ठा फुटतो आणि पुन्हा सुटी तिकिटं दिसायला लागतात. सूनबाईला फट जास्त हवी होती. कागदानं तिची समजूत घातली, मला बोलावं लागलं नाही.

आता दुसरी गोष्ट, जी भिंतीकडे पाहून कळत नाही. ती सूनबाईनं सांगितली: "टीव्ही लावला तं शब्दच समजत नाही जी, आणि पोरगं रडलं तं दोन पोरं रडल्यावाणी वाटते." मी मधोमध उभा राहून टाळी वाजवली. एका टाळीमागे तर्रर्र असा शेपूट आला. समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंतींत आवाज चेंडूगत मागंपुढं जात राहतो, त्याची ही खूण. छताची उंची दुप्पट झाली की खोलीतली हवा दुप्पट होते, पण आवाज पिणाऱ्या वस्तू, म्हणजे गाद्या, पडदे, माणसं, तेवढ्याच राहतात आणि त्याही सगळ्या खाली. म्हणून आवाज विझायला वेळ लागतो. अशा भिंतीवर काच लावलेला मोठा फोटो म्हणजे आणखी एक गुळगुळीत भिंत. तिथे हवं कापड, आणि तेही जाड.

कापड घरातच सापडलं. पंगतीच्या सतरंजीच्या लांब पट्ट्या, लाल-निळ्या काठाच्या, दोन फूट रुंद. लग्नकार्यं मंगल कार्यालयात आणि टेबल-खुर्चीवर गेली तशा त्या पेटीत गेल्या होत्या. दोन पट्ट्या धुऊन, उन्हात वाळवून बारा फुटांवर कापल्या आणि शेजारी शेजारी टांगायचं ठरवलं. सतराव्या फुटापासून सुरू होऊन पाचव्या फुटापर्यंत येतील अशा, सोफ्यावर नाही तर डावीकडे. आडव्या सागवानी पट्टीला त्या छेदून खाली येतात, त्यामुळे वरची भिंत आणि खालची भिंत एकाच घरातली वाटते. मधोमध टांगल्या असत्या तर मंडपाचा पडदा झाला असता.

टांगण्यात खरी गोम आहे. खिळ्याला दोन टोकं अडकवली की काही महिन्यांत कापड टोकांतून ओढलं जातं आणि मधे झोळ पडतो. म्हणून मागच्या बाजूनं पूर्ण रुंदीचा नेफा शिवून त्यात पाइप घातला, म्हणजे वजन सगळीकडे सारखं वाटलं जातं. खालच्या कडेलाही एक बारीक काठी, नाहीतर पंखा लागला की पट्टी फडफडते. पाइप भिंतीपासून चार इंच पुढे ठेवला. एक तर नव्या भिंतीतली ओल कापडात उतरत नाही, आणि मागे हवेची फट राहिली की कापड आवाजही जास्त पितं.

आणि हे सगळं खाली उतरवता आलं पाहिजे. विदर्भातल्या उन्हाळ्याची धूळ सतरंजीत बसणारच, आणि सतरा फुटांवर निसणी लावून झटकणारा गावात कोणी नाही. म्हणून वर दोन कप्प्या बसवल्या, पाइपाच्या दोन टोकांना दोन दोऱ्या, दोन्ही एकत्र करून बाजूच्या खुंटीला. खुंटी सहा फुटांवर, पोरांच्या हाताला न लागणारी. कप्पीपासून पाइपापर्यंत दोन्ही दोऱ्या सारख्या लांबीच्या हव्यात, नाहीतर पाइप तिरपा होतो आणि तो दुरून सगळ्यात आधी दिसतो.

कप्प्या छतालगतच्या बीममध्ये बसवल्या, विटेत नाही. आमच्याकडे आता राखेच्या विटा सर्रास वापरतात. त्यात लोखंडी फास्टनर आवळला की तो फुगतो आणि वीट आतून तडकते. ते तेव्हा दिसत नाही, वजन लागलं की दिसतं. मिस्त्री म्हणाला भुकटी करडी आली म्हणजे काँक्रीट. पण राखेच्या विटेची भुकटीही करडीच असते. रंगावर जाऊ नये, हातावर जावं. ड्रिल सरकन आत गेलं तर वीट, थांबत थांबत गेलं तर काँक्रीट. आणि हे काम पेंटरची परांची उतरायच्या आधी उरकायचं. नंतर चार भोकांसाठी परांची पुन्हा बांधायची म्हणजे कप्प्यांपेक्षा मजुरी जास्त.

दिव्यांचं थोडक्यात सांगतो. भिंतीला चिकटून वरून खाली सोडलेला उजेड प्लास्टरवरची थापीची प्रत्येक लाट दाखवतो, मिस्त्री कितीही चांगला असो. आम्ही दोन दिवे सहा फुटांवर लावले, वर एकही नाही. संध्याकाळी तेवढेच पेटवले की सागवानी पट्टीच्या वरचं सगळं काळोखात जातं आणि हॉल आठ फुटांचा होतो. सूनबाई आता तिथेच बसून वाती वळते.

आवाजाचं घुमणं मात्र पूर्ण गेलं नाही. टाळीचा शेपूट तुटला, टीव्हीतले शब्द कळायला लागले, पण एवढ्या मोठ्या पोकळीला दोन पट्ट्या पुरत नाहीत. खाली सतरंजी आणि खिडक्यांना जाड पडदे लागतीलच, ते कापूस विकल्यावर. पश्चिमेची वरची खिडकी आधी झाकायला हवी, दुपारचं ऊन त्या लाल काठावर पडतं आणि दोन उन्हाळ्यांत तो गुलाबी होईल.

वरचे तीन फूट अगदी रिकामे ठेवले आहेत. पुतण्याच्या मते तिथे एक मोठं घड्याळ शोभेल. त्याचा सेल कोण बदलणार, हे मी त्याला विचारलं आहे. उत्तर अजून यायचं आहे.