बाराशे बुशचा हिशेब

आमच्या घरी फ्रिजला कॅलेंडर लटकवलेलं असतं आणि त्यावर आई दुधाचे खाडे लिहायची, आता मी लिहिते. रोज सकाळी दूध येतं ते वेगळं, महिनाअखेरीला दूधवाल्याचं बिल येतं ते वेगळं, आणि मधल्या तीस दिवसांत आपण त्याचं देणं लागतो पण किती ते कागदावर अजून कुणी मागितलेलं नसतं. ऑफिसमध्ये लोकांना जीआरआयआर, म्हणजे आलेला माल आणि आलेलं बिल जुळवायचं खातं, समजावून सांगायचं असलं की मी हेच कॅलेंडर काढते. माल गेटमधून आला, स्टोअरने SAP सिस्टीममध्ये घेतला की स्टॉक वाढला आणि जीआरआयआर खात्यात क्रेडिट पडलं. मग व्हेंडरचं बिल आलं, आम्ही ते MIRO ला, म्हणजे बिल नोंदवायच्या स्क्रीनवर, बुक केलं की त्याच खात्यात डेबिट पडलं आणि देणं व्हेंडरच्या नावावर गेलं. क्रेडिट आणि डेबिट सारखं झालं की ओळ संपली. इतकं सोपं असतं तर महिन्याच्या पहिल्या चार दिवसांत माझा डबा संध्याकाळी पाच वाजता उघडला नसता.

चाकणच्या एका कारखान्यात मी अकाउंट्सला आहे, गाड्यांचे पार्ट बनतात, जीआरआयआर माझ्याकडे सहा वर्षं आहे आणि कुणी मागून घेतही नाही. महिनाअखेरीला रात्री जुळलेल्या ओळी आपोआप मिटवणारा F.13 चा जॉब लागतो. तो बिचारा एकच गोष्ट बघतो, असाइनमेंट फील्डमध्ये पीओ म्हणजे खरेदीच्या ऑर्डरचा नंबर आणि लाईन नंबर चिकटून लिहिलेला असतो तो सारखा आहे का आणि त्या सगळ्या ओळींची बेरीज शून्य येते का. आली तर क्लिअर, एक रुपया जरी राहिला तरी हात लावत नाही. सकाळी मी खात्याच्या ओळी बघायला FBL3N उघडते तेव्हा नव्वद टक्के गर्दी गेलेली असते आणि उरलेली मंडळी समोर बसलेली असतात. त्यातली बरीचशी बरोबरच असतात म्हणा, माल अठ्ठावीस तारखेला आला आणि बिल पुढच्या महिन्यात येणार, त्यांच्याकडे बघायचंही नाही. मी सरळ पोस्टिंग डेटवर सॉर्ट मारते आणि सगळ्यात जुन्या ओळीपासून सुरू करते, कारण ऑडिटरही तिथूनच सुरू करतो.

आता या सप्टेंबरची गोष्ट. सहामाहीचा क्लोजिंग, वर ऑडिटरांचा लिमिटेड रिव्ह्यू, आणि एक ओळ चौदा महिने जुनी. क्रेडिट 1,03,200 रुपये. पीओचे शेवटचे तीन आकडे 742. व्हेंडर भोसरीतला, छोटं वर्कशॉप, दोन लेथ असतील, बुश म्हणजे पार्टमध्ये बसणाऱ्या छोट्या नळ्या टर्न करून देतात. 1,200 नग, 86 रुपये दर. माल आलाय, बिल नाही. चौदा महिने छोट्या माणसाने लाखभर रुपयांचं बिल दिलं नाही, हे मला पटेचना. मोठी कंपनी विसरेल, छोटा माणूस नाही विसरत हो, त्याला पगार द्यायचा असतो.

आमच्याकडे नवीन मुलगा आलाय, हुशार आहे, तो म्हणाला, मॅडम MR11 मारू या ना, डिलिव्हरी सरप्लस टिक करायचं, ओळ गायब. बरोबर आहे त्याचं, गायब होते. MR11 नेमकं त्यासाठीच आहे, माल जास्त आणि बिल कमी किंवा उलटं असेल आणि आता काहीच येणार नाही अशी खात्री असेल तेव्हा तो फरक उचलून स्टॉकवर किंवा प्राइस डिफरन्सवर टाकायचा. पण ही खात्री कुणीतरी करावी लागते, ट्रान्झॅक्शन करत नाही. मी म्हटलं थांब, आधी फोन करू.

वर्कशॉपवाल्या काकांना फोन लावला. मागे लेथचा आवाज, ते ओरडून बोलत होते.

"काका, गेल्या वर्षीच्या बुशचं बिल दिलंच नाहीत तुम्ही, बाराशे नग."

"अहो ताई, काय बोलताय, बिल दिलं, पैसे पण आले! उशिरा आले, मी चार वेळा फोन केले होते, पण आले!"

पैसे आले म्हणजे बिल बुक झालंय, बुक झालंय म्हणजे कुठेतरी एक डेबिट एकटं बसलंय. मी त्याच व्हेंडरच्या ओळींत 1,03,200 चं डेबिट शोधलं, नाही सापडलं. सगळ्या व्हेंडरांत शोधलं, नाही. इथे माझा अर्धा दिवस गेला आणि चूक माझीच होती, मी रुपये शोधत होते. चहाला उठले तेव्हा लक्षात आलं की दर बदलू शकतो, नग कशाला बदलतील, आणि लेआउटमध्ये क्वांटिटीचा कॉलम ओढून आणला. 1,200 नग, डेबिट 98,400. पीओ मात्र दुसराच, शेवटी 318. आकडेमोड तोंडी होते, 98,400 भागिले 1,200 म्हणजे 82.

मग पीओ हिस्टरी उघडली आणि पर्चेसच्या दादांना खुर्ची ओढून शेजारी बसवलं. झालं होतं असं की गेल्या वर्षी काकांनी दर वाढवून मागितला, 82 चा 86, स्टीलचं कारण देऊन. दादांनी जुन्या 318 मध्ये दर न बदलता तो डिलिव्हरी कम्प्लीट टिक करून बंद केला आणि नवीन 742 काढला. स्टोअरने माल नवीन पीओवर घेतला, बरोबर. काकांच्या ऑफिसात म्हणजे त्यांच्या मुलीच्या लॅपटॉपवर मात्र जुनंच बिल कॉपी-पेस्ट होऊन फक्त तारीख बदलली गेली, पीओ नंबर 318, दर 82. आणि आमच्याकडे ते बिल जसं आलं तसं 318 वर बुक झालं. डिलिव्हरी कम्प्लीट टिक केल्याने बिल थांबत नाही, बरेच जण समजतात थांबतं. त्या पीओवर जीआर बेस्ड इन्व्हॉइसची टिकसुद्धा नव्हती, ती असती तर माल आल्याशिवाय MIRO ने बिल घेतलंच नसतं. सिस्टीमने तरी बिचारीने पेमेंट ब्लॉक लावला होता, माल शून्य आणि बिल बाराशेचं म्हणून. पण काकांचे चार फोन आले ना. कुणीतरी MRBR मध्ये जाऊन ब्लॉक काढला आणि पैसे सोडले. कुणी ते मी बघितलं, युजर आयडी दिसतो, पण सांगत नाही कारण तो आयडी माझ्याच टीममधला आहे, आणि थोडाफार मीच वैतागून "सोडून दे रे" म्हटल्याचं आठवतंय.

तर एका पीओवर क्रेडिट 1,03,200, दुसऱ्यावर डेबिट 98,400, F.13 ला ती दोन वेगळी घरं, तो जन्मात जुळवणार नाही. नवीन मुलाने लगेच दुसरा उपाय काढला, F-03 ने हाताने दोन्ही ओळी जुळवू आणि उरलेले 4,800 राइट ऑफ. मोह मलाही झाला, तीन तारीख होती. पण F-03 फक्त लेजरच्या ओळी मिटवतं, पीओ हिस्टरीला त्याचा पत्ताही नसतो. तिथे 742 वर माल बाराशे आणि बिल शून्य हे तसंच राहतं, 318 वर उलटं. सहा महिन्यांनी कुणीतरी MR11 चालवणार, त्याला हे दोन्ही पीओ उघडे दिसणार, तो ते मारणार आणि लेजरमध्ये परत दोन अनाथ ओळी जन्माला येणार, यावेळी मागे ना माल ना बिल. असल्या ओळी मी सोडवल्यात, त्यांचा माग लागत नाही.

आणि सरळ MR11 दोन्ही पीओंवर मारलं असतं तर? एकीकडे 1,03,200 आमच्या बाजूने सुटले असते, दुसरीकडे 98,400 आमच्या अंगावर आले असते, आणि फरक 4,800 आमचा. म्हणजे काकांनी मागितलेले, दादांनी कबूल केलेले, पीओवर छापलेले नगामागचे चार रुपये गुपचूप आमच्या नफ्यात. काकांनाही माहीत नव्हतं की आपण जुन्या दराने बिल दिलंय! फोनवर सांगितलं तेव्हा लेथ बंद झाल्याचा आवाज आला.

दुरुस्ती लांबलचक होती पण दुसरा रस्ता नव्हता. बिल पेमेंटशी जुळलेलं होतं, ते आधी FBRA ने सोडवलं. मग MR8M ने 318 वरचं बिल रद्द केलं, त्याने त्या पीओवर 98,400 चं क्रेडिट पडलं आणि 318 शून्यावर आला. तेच बिल, तोच नंबर, तीच तारीख, 742 वर परत MIRO. इथे सिस्टीम जीआरआयआरला पूर्ण 1,03,200 डेबिट करते कारण माल त्या दराने घेतलाय, व्हेंडरला 98,400 अधिक जीएसटी देते आणि मधले 4,800 प्राइस डिफरन्सला क्रेडिट टाकते. 742 पण शून्य. नवीन बिल जुन्या पेमेंटला लावलं, रद्द झालेली जोडी एकमेकांशी क्लिअर केली. टॅक्सवाल्या मॅडम थोड्या तापल्या, जीएसटीचं क्रेडिट उलटवून परत घेतलंय ते एकाच महिन्यात आहे ना हे तीनदा विचारलं. आहे, एकाच दिवशी आहे.

राहिले 4,800. त्यासाठी काकांनी डेबिट नोट द्यायची, 4,800 वर 18 टक्के जीएसटी 864, एकूण 5,664, आणि आम्ही ती 742 वरच सब्सिक्वेंट डेबिट म्हणून घ्यायची, म्हणजे नग परत वाढत नाहीत, नुसती किंमत वाढते. साधं बिल म्हणून घेतली असती तर हिस्टरीत चोवीसशे नगांचं बिल दिसलं असतं आणि मी परत खड्ड्यात. जुन्या मालाची डेबिट नोट आता चालेल का अशी शंका दादांना आली, पण 1 जानेवारी 2021 पासून जीएसटी क्रेडिटची मुदत डेबिट नोटच्या स्वतःच्या तारखेच्या वर्षावरून मोजतात, मूळ बिलाच्या नाही, त्यामुळे तिथे अडचण नव्हती.

त्या रात्री F.13 ने दोन्ही घरं उचलली. सकाळी माझ्या लिस्टमध्ये सगळ्यात वरची ओळ नऊ महिन्यांची होती, कार्टन, 20 नग, 840 रुपये, मला दिसताक्षणी कळलं की वीस फाटके निघाले, परत गेले, काकांनी बिलातून वजा केले आणि स्टोअरची माल परत पाठवल्याची 122 ची नोंद करायची राहिली. (हे दुसरे काका, पॅकिंगवाले.) स्टोअरला फोन केला, "हो हो, आज करतो," मागच्या महिन्यातही हेच म्हणाले होते.

दुपारी भोसरीहून काकांची डेबिट नोट मेलवर आली. 4,800, 864, बेरीज बरोबर, जीएसटी नंबर बरोबर, मूळ बिलाचा नंबर बरोबर. आणि खाली पीओ नंबर, शेवटी 318.