त्रिकोणाची उतरती बाजू

एस.वाय.च्या एका विद्यार्थिनीने रात्री व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. फोटो तिरका, कोपऱ्यात अंगठा, पण गणित ओळखीचं होतं: X आणि Y स्वतंत्र, दोन्ही ० ते १ मध्ये युनिफॉर्म; Z = X + Y ची घनता काढा. खाली प्रश्न, "सर, माझं उत्तर z येतंय. पुस्तकात त्रिकोण कसा?"

कन्व्होल्यूशनचं सूत्र तिने बरोबर लिहिलं होतं:

```
f(z) = ∫ fX(x) · fY(z − x) dx
```

दोन्ही घनता १, लिमिट्स ० ते z, म्हणून उत्तर z. आणि पुढे बिनधास्त: 0 < z < 2. दरवर्षी निम्मा वर्ग इथेच अडकतो.

मी उलट विचारलं, "तुझ्या आलेखाखालचं क्षेत्रफळ किती?" पाया २, उंची २, म्हणजे क्षेत्रफळ २. एकूण संभाव्यता १ च्या वर गेली, तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय हे तिलाही कळलं.

मग म्हटलं, z = १.५ घे. x जर ०.२ असेल तर y किती हवा? १.३. तो तर १ च्या पुढे जातच नाही. म्हणजे x निदान ०.५ तरी हवा, आणि जास्तीत जास्त १. आत गुणाकार १च आहे, त्यामुळे इंटिग्रल म्हणजे x ला मिळालेल्या जागेची नुसती लांबी: ०.५. z एकच्या पुढे गेला की खालची लिमिट z − 1 होते, वरची १ वरच अडते, आणि घनता 2 − z. एकपर्यंत मात्र तिचं z बरोबरच होतं. (सूत्रातल्या z − x मुळे Y ची घनता उलटी फिरते, युनिफॉर्म दोन्हीकडून सारखी असल्याने ते इथे दिसत नाही, म्हणून हे उदाहरण जरा फसवं.)

तरी तिला पडताळून बघायचं होतं. Z १.५ पेक्षा मोठा असण्याची संभाव्यता त्रिकोणातून १/८ येते, तिच्या सूत्रातून ७/८. एक्सेलमध्ये हजार ओळी करून मोज म्हटलं. १२५ च्या आसपास यायला हवेत.

थोड्या वेळाने मेसेज आला, "सर, अडीचशेच्या आसपास येतायत!" दोन्ही उत्तरांशी न जुळणारा आकडा. मी फॉर्म्युला मागवला. तिने लिहिलं होतं:

```
=2*RAND()
```

ही एकाच आकड्याची दुप्पट. त्यात दोन स्वतंत्र चल नाहीतच, त्यामुळे ० ते २ मध्ये सपाट वाटणी होते आणि १.५ च्या पुढे बरोबर पाव भाग जातो. सूत्रातला घनतांचा गुणाकार स्वतंत्रतेच्या जोरावरच चालतो. `=RAND()+RAND()` लिहायला सांगितलं. या वेळी १३१ आले.

"आता पुढचं करते," तिने लिहिलं, "त्यात Y ० ते २ आहे."

"मग त्रिकोण येणार नाही," मी लिहिलं. "आधी चित्र काढ, मग लिमिट्स."