तरावीहचे वीस रकात, दोन-दोन करून

तरावीहला जायचं ठरवलं तेव्हा मनात वीस हा आकडा बसला होता. इशाचे फर्ज आणि सुन्नत झाल्यावर आणखी वीस रकात, वर तीन वित्र! हे आपल्याला झेपेल का, अशी धास्ती होती. पण जमातीत उभं राहिल्यावर लक्षात आलं की सलग वीस रकात कुणीच पढत नाही. इमाम दर दोन रकातींनंतर सलाम फेरतो, आणि तिथे ती नमाज पूर्ण होते. अशा दहा छोट्या नमाजा मिळून तरावीह होते. दर चार रकातींनंतर थोडा वेळ बसायला मिळतं. त्या वेळात कुणी तस्बीह पढतं, कुणी पाणी पितं, कुणी नुसतं पाय मोकळे करतं.

सगळीकडे वीसच असतात असं नाही. हनफी, शाफई आणि हंबली मशिदींत साधारण वीस पढतात, अहले हदीसच्या मशिदींत आठ. आठ मानणारे हजरत आयेशा यांच्या हदीसचा आधार घेतात. पैगंबर रमजानमध्ये आणि एरवीही रात्री वित्र धरून अकरा रकातींपेक्षा जास्त पढत नसत, असं तीत आहे. वीस मानणारे हजरत उमर यांच्या काळाकडे बोट दाखवतात. त्यांनी विखुरलेल्या लोकांना उबय बिन काब यांच्या मागे एका जमातीत आणलं. यावर वाद घालत बसण्यापेक्षा ज्या मशिदीत जातो तिथल्या इमामामागे शेवटपर्यंत उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

वेळेचं गणित रकातींपेक्षा किरातीवर जास्त असतं. जिथे पूर्ण कुरआन ऐकवायचं असतं तिथे हाफिज रोज एक पारा किंवा त्याहून थोडं जास्त पढतो. मग इशासकट दीड तासाच्या आसपास लागतो. वाचन संथ असेल तर त्याहूनही जास्त. जिथे ‘सूरह तरावीह’ असते तिथे सूरह फीलपासून सूरह नासपर्यंतच्या दहा सूरह दोनदा पढतात. दहा रकातींत एक फेरी, दोन फेऱ्या झाल्या की वीस पूर्ण. ही बरीच लवकर आटोपते. मला पाठ फार कमी होतं, पण त्यानं अडलं नाही. हनफी पद्धतीत मुक्तदी सना पढून पुढे इमामाची किरात शांतपणे ऐकतो. रुकू आणि सज्द्यातल्या तस्बीह, अत्तहियात आणि दुरूद मात्र स्वतः पढायचं असतं. तेवढं येत असेल तर पहिल्याच रात्री जमातीत उभं राहता येतं.

खरी पंचाईत उशीर झाला की होते. एकदा मी इशा कामाच्या ठिकाणाजवळ जमातीनं पढून आमच्या मशिदीत पोचलो, तर इमाम पाचव्या रकातीत होते. शेजारच्या चाचांना सलाम फिरल्यावर विचारलं, तर म्हणाले, “इशा झाली ना? मग बस, इमामाबरोबर चालू ठेव. राहिलेल्या चार नंतर पढ.” तसंच केलं. सोळा रकात जमातीत मिळाले, वित्रही इमामामागेच पढले आणि सुटलेले चार शेवटी एकट्यानं दोन-दोन करून पुरे केले. तरावीहची वेळ पहाटे सुबह सादिकपर्यंत असते, त्यामुळे घाई नव्हती. इशाचे फर्ज राहिले असतील तर मात्र आधी तेच पढायचे. त्यांच्याआधी तरावीह होत नाही.

दोनांतली एक रकात सुटली तर? इमाम रुकूतून उठण्याआधी आपण रुकूत पोचलो तर ती रकात मिळाली. नाही पोचलो तर इमामानं सलाम फेरल्यावर उठून एक रकात पुरी करायची आणि मग पुढच्या जोडीत सामील व्हायचं. तोवर इमाम उभे असतात, आणि पहिल्या रकातीची किरात लांब असली तर सहज गाठता येतं.

आणखी एक गोष्ट नवख्याला गोंधळात टाकते. सज्द्याची आयत आली की इमाम अल्लाहु अकबर म्हणत थेट सज्द्यात जातात आणि उठून पुन्हा किरात सुरू करतात. मागे उभा असलेला नवखा माणूस सवयीनं रुकूत वाकतो. बरेच इमाम आधीच सांगून ठेवतात की अमुक रकातीत सज्दा आहे. ते नमाजेआधीच कान देऊन ऐकावं. पाय दुखत असतील, आजारपण असेल तर बसून पढायलाही हरकत नसते.

पहिला रोजा उद्या असला तरी तरावीह चांद दिसल्याच्या रात्रीच सुरू होते आणि ईदचा चांद दिसला की थांबते. कुरआनचा खत्म पुष्कळ ठिकाणी सत्ताविसाव्या रात्री होतो, म्हणून तरावीह संपली असं समजून लोक घरी राहतात. पण ती चांदरातीपर्यंत चालूच असते. त्या उरलेल्या रात्रींत बहुतेक ठिकाणी छोट्या सूरह पढल्या जातात आणि सफांमध्ये जागाही मिळते. ज्याचं महिनाभर जाणं झालं नाही, त्यानं निदान त्या रात्रींत जाऊन उभं राहावं.